३० टक्क्यांवर बंद पडणारा, चार्जिंग दाखवूनही सुरू न होणारा फोन: बॅटरी दमली की सॉफ्टवेअर बिघडलं, हे क्रमाने कसं ओळखायचं

अमळनेरला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. एप्रिल लागला की काउंटरवर रोज एक तरी फोन असा येतो: चार्जरला लावला की बॅटरीचं चित्र दिसतं, चार्जर काढून पॉवर बटण दाबलं की कंपनीचं नाव येतं आणि स्क्रीन काळी. ‘भाऊ, मोबाईल मरी गया, चालू व्हत नही,’ एवढंच गिऱ्हाईक सांगतं. मागे जाऊन विचारलं तर कळतं की महिना-दोन महिन्यांपासून तो ३० टक्क्यांवर अचानक बंद पडत होता.

यातले बरेच फोन माझ्याकडे येईपर्यंत एकदा रिसेट झालेले असतात किंवा कुठेतरी ‘सॉफ्टवेअर मारून’ आणलेले असतात. फोटो गेलेले असतात, पैसे गेलेले असतात आणि फोन तसाच असतो. उलटंही होतं. सॉफ्टवेअरचा दोष असताना नवी बॅटरी बसवली जाते आणि फोन नव्या बॅटरीवरही लोगोवरच अडकतो. दोन्ही चुकांचं मूळ एकच: तपासणीचा क्रम उलटा लागतो. ज्याने डेटा पुसला जातो ते आधी केलं जातं आणि ज्याला एक छदामही लागत नाही ते शेवटी, किंवा कधीच नाही.

खाली दिलेला क्रम अँड्रॉइड फोन समोर ठेवून लिहिला आहे. आयफोनमध्ये जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

## सुरुवातीला: स्क्रीनवरचे ३० टक्के म्हणजे काय

टक्के हे बॅटरीतून थेट मोजलेलं माप नसतं. किती करंट आत गेला, किती बाहेर आला आणि आत्ता व्होल्टेज किती आहे, यावरून फोनने केलेला तो हिशेब असतो. बॅटरी जुनी होताना दोन गोष्टी बिघडतात. एक, तिच्यात मावणारा साठा कमी होतो. दोन, तिचा अंतर्गत रोध वाढतो, म्हणजे साठा असूनही ती एकदम जोर देऊ शकत नाही. अचानक बंद पडण्यामागे बहुतेक वेळा हे दुसरं कारण असतं आणि नेमकं तेच टक्क्यांत दिसत नाही.

शेतातल्या लायनीच्या टोकाला ज्यांची मोटर आहे त्यांना हे लगेच समजेल. होल्टेज कमी असतं तेव्हा झोपडीतला बल्ब जळत असतो. पण स्टार्टर दाबला की मोटर एकदम करंट ओढते, बल्ब मंद होतो आणि स्टार्टर पडतो. मोटर बंद झाली की बल्ब पुन्हा नीट. बल्ब जळतोय म्हणजे लाईन मोटर चालवू शकेल, असं आपण म्हणत नाही.

फोनमध्ये चार्जिंगचं चित्र म्हणजे तो बल्ब. बंद फोन चार्जरला लावला की पूर्ण अँड्रॉइड सुरू होत नाही, फक्त चित्र दाखवण्यापुरता छोटासा भाग जागा होतो आणि त्याला फार थोडा करंट लागतो. फोन खरोखर सुरू होताना मात्र प्रोसेसर, स्क्रीन, मेमरी सगळं एकदम करंट मागतं. बॅटरीचा रोध वाढलेला असेल तर त्या क्षणी व्होल्टेज कोसळतं, साधारण ३.३ ते ३.४ व्होल्टच्या खाली गेलं की फोन स्वतःला बंद करतो, आणि चार्जर लावलेला असेल तर परत तेच चित्र. म्हणून चार्जिंगचं चिन्ह दिसतंय एवढ्यावरून ‘बॅटरी चांगली आहे, सॉफ्टवेअर गेलंय’ असा निष्कर्ष काढता येत नाही.

## १. तयारी: कशालाही हात लावण्याआधी

फोन कव्हरमधून काढा आणि सपाट टेबलावर पालथा-उताणा ठेवून पाहा. डुगडुगतो का? मागचं झाकण किंवा स्क्रीन एका कडेने उचललेली दिसते का? स्क्रीनच्या मध्यभागी पांढुरका डाग आलाय का? तसं असेल तर बॅटरी फुगलेली असण्याची शक्यता आहे.

इथे थांबा: फुगलेली बॅटरी असेल तर पुढची एकही चाचणी करू नका. चार्जिंगला लावू नका, झाकण दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, खिशात ठेवू नका. फोन बंद ठेवून सरळ दुकानात न्या. ‘थंड होईल’ म्हणून फ्रीजमध्ये ठेवणंही चूक आहे. फुगीर भागातला वायू त्याने जात नाही आणि आत दव मात्र धरतं.

बॅटरी फुगलेली नसेल तर सिमकार्ड काढून घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये घाला. बँकेचे आणि गुगलचे ओटीपी त्यावर येणार आहेत, आणि ते मिळाले नाहीत तर पुढे काम अडेल. मेमरी कार्ड असेल तर तेही काढून ठेवा.

मग गुगल खात्याचा ईमेल आणि पासवर्ड कागदावर लिहून, दुसऱ्या फोनवर उघडून खात्री करा. याला मी फार महत्त्व देतो. गावाकडे पुष्कळ जणांचं खातं फोन घेताना दुकानदारानेच उघडून दिलेलं असतं आणि पासवर्ड कुणालाच माहीत नसतो. फोन पूर्ण सुरू न होताही उघडणाऱ्या दुरुस्तीच्या मेनूतून, म्हणजे रिकव्हरीतून, रिसेट केल्यावर फोन तेच जुनं खातं मागतो. ते देता आलं नाही तर बॅटरीही चांगली, सॉफ्टवेअरही चांगलं आणि फोन मात्र कुलूपबंद, अशी वेळ येते.

शेवटी वही-पेन जवळ ठेवा. फोन कधी, किती टक्क्यांवर, काय करताना बंद पडला हे लिहायचं आहे. आठवणीवर विसंबू नका.

## २. चार्जर, केबल आणि पोर्ट

फोनसोबत आलेला किंवा दुसऱ्या फोनवर नीट चालत असलेला चार्जर घ्या. केबल वेगळी, तीही दुसऱ्या फोनवर तपासलेली. संगणकाच्या किंवा टीव्हीच्या यूएसबीला लावून ही चाचणी करू नका. तिथून बऱ्याचदा अर्धा अँपिअरच मिळतो. तेवढ्यावर चार्जिंगचं चित्र दिसेल, पण दमलेल्या बॅटरीला सुरू होताना त्याचा आधार मिळणार नाही.

दुसऱ्या फोनच्या टॉर्चने चार्जिंग पोर्टात पाहा. आपल्या भागात कापसाचे तंतू आणि काळ्या मातीची धूळ मिळून तळाशी घट्ट बूच बसतं. पिन आत पूर्ण जात नाही, थोडी बाहेर राहते, हलवली की चार्जिंग येतं-जातं. फोन बंद असताना लाकडी टूथपिकने हलक्या हाताने कडेकडेने तो मळ बाहेर ओढा. सुई, सेफ्टीपिन किंवा ब्लेड वापरू नका. मधली पट्टी वाकली की पोर्टच बदलावा लागतो.

तपासा: चार्जिंगच्या चित्राबरोबर तापमापकाचं किंवा उद्गारचिन्हाचं चित्र दिसतंय का? मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या घरात किंवा ट्रॅक्टरच्या बॉनेटवर पडलेला फोन त्याहून गरम होतो. तेव्हा फोन मुद्दाम चार्जिंग थांबवतो. हा बिघाड नाही. सावलीत, पंख्याखाली अर्धा तास ठेवा आणि मग पुन्हा सुरुवात करा.

## ३. तासभर हात न लावता चार्जिंग, मग सक्तीने रिस्टार्ट

बॅटरी अगदी तळाला गेलेली असेल तर फोन सुरुवातीला तिला थोड्याच करंटने चार्ज करतो, कारण रिकाम्या बॅटरीत एकदम जोराने करंट घालणं धोक्याचं असतं. या काळात चित्र येतं-जातं किंवा शून्यावर अडकल्यासारखं दिसतं. इथे लोक दर दोन मिनिटांनी पॉवर बटण दाबतात. प्रत्येक वेळी फोन सुरू व्हायचा प्रयत्न करतो आणि साठलेलं थोडंसं चार्ज खाऊन टाकतो. रात्रभर चार्जरवर असूनही शून्यच, याचं हे एक कारण असतं.

म्हणून एक तास बटणाला हात लावू नका. तासाभराने चार्जर तसाच ठेवून पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र, १५ ते २० सेकंद दाबून धरा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये याने सक्तीने रिस्टार्ट होतं. आयफोन ८ आणि त्यानंतरच्या बहुतेक मॉडेलना आवाज वाढवायचं बटण दाबून सोडा, आवाज कमी करायचं दाबून सोडा, मग बाजूचं बटण सफरचंद दिसेपर्यंत धरून ठेवा. याने डेटा जात नाही.

फोन सुरू झाला तर थेट पायरी ६ वर जा, आणि तिथलं पहिलं काम सोडून दुसरं काहीही करू नका.

तपासा: बंद अवस्थेतच टक्के किती वेगाने चढतात ते वहीत लिहा. नवा असताना दीड तास घेणारा फोन त्याच चार्जरवर पंधरा-वीस मिनिटांत ३० वरून १०० दाखवू लागला, तर तो वेग नाही. साठा आटला आहे.

## ४. फोन मरतो कसा, हे नीट पाहा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. अर्ध्याहून अधिक निदान इथेच होतं आणि त्याला कसलंही हत्यार लागत नाही.

बॅटरी कोसळते तेव्हा स्क्रीन दिवा विझल्यासारखी जाते. बंद होत असल्याचा संदेश नाही, थरथर नाही, फिरतं चक्र नाही. फोन आपणहून परत सुरू होत नाही, काळा पडून राहतो. सॉफ्टवेअर अडखळतं तेव्हा फोन सहसा मरत नाही, तो गोठतो किंवा रिस्टार्ट होतो. स्क्रीन क्षणभर अडकते, मग कंपनीचा लोगो, मग पुन्हा तेच, आणि हे चक्र चार्जरशिवायही कितीतरी वेळ चालू राहतं. लोगोचं चक्र अर्धा तास फिरत राहिलं म्हणजे बॅटरीने अर्धा तास तो भार उचलला. दमलेल्या बॅटरीला ते सहसा जमत नाही.

आता दोन वेगवेगळ्या चार्जवर सुरू करून पाहा. बंद फोन ९० टक्क्यांच्या वर जाऊ द्या आणि चार्जर लावलेला असतानाच सुरू करा. सुरू झाला, तर तो वापरत ३०-३५ टक्क्यांपर्यंत खाली येऊ द्या, बंद करा आणि चार्जर काढून पुन्हा सुरू करा. (त्याआधी पायरी ६ मधला बॅकअप घ्या, कारण तो पुन्हा सुरू होईलच असं नाही.) वर होतो आणि खाली होत नाही, तर दोष बॅटरीच्या बाजूला आहे. बिघडलेल्या सॉफ्टवेअरला बॅटरी ९० वर आहे की ३० वर, याने फरक पडत नाही. ते दोन्ही वेळा त्याच जागी अडतं.

तिसरी खूण थंडीची. धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाट चांगलीच गारठते. गव्हाला पाणी द्यायला गेलेल्या माणसाचा फोन पहाटे ४० टक्क्यांवर बंद पडतो आणि दुपारी तोच फोन १५ पर्यंत चालतो. थंडीत बॅटरीचा रोध वाढतो, म्हणून असं होतं. नवी बॅटरी तेवढा वाढलेला रोध सहन करते, जुनी करत नाही. सकाळ-दुपारचा असा फरक दिसला तर सॉफ्टवेअरवर संशय घ्यायची गरज नाही.

एक तिसराच आरोपीही असतो. पॉवर बटण आत अडकलं किंवा त्याखाली घाण बसली, तर फोन सतत बटण दाबल्यासारखा वागतो आणि लोगोवर फिरत राहतो. बटण बोटाने चार-पाच वेळा दाबून पाहा. ‘टिक’ लागत नसेल, दबलेलं वाटत असेल, तर दुकानात हे आधी सांगा.

## ५. रिकव्हरीत ठेवून पाहणं

बहुतेक अँड्रॉइड फोन बंद असताना पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र धरलं की रिकव्हरी उघडते. काही नव्या सॅमसंग फोनना त्यासाठी केबलने संगणकाला जोडावं लागतं. रिकव्हरीत पूर्ण अँड्रॉइड चालत नाही, भार कमी असतो.

इथे थांबा: या यादीत `Wipe data/factory reset` असं लिहिलेलं असतं. त्याला हात लावू नका. हल्लीच्या फोनमधला डेटा कुलूपबंद पद्धतीने साठवलेला असतो, एकदा पुसला की कोणताही दुकानदार तो परत आणू शकत नाही. यादीत खाली-वर जायला आवाजाची बटणं आणि निवडायला पॉवर बटण असतं. घाईत एक जादा दाब पडला की चुकीचं निवडलं जातं.

चार्जर काढून फोन या पडद्यावर २० मिनिटं ठेवा. तिथे टिकला आणि `Reboot system now` निवडल्यावर सुरू होताना विझला, तर हलका भार पेलतो, जड पेलत नाही, असा अर्थ होतो. हे बॅटरीकडे बोट दाखवतं. रिकव्हरीत टिकला आणि सुरू होताना विझला नाही, नुसता लोगोवर फिरत बसला, तर सॉफ्टवेअर. रिकव्हरीतही मिनिटभरात विझला, तर बॅटरी अगदी गेलेली असेल, तिचं कनेक्टर सैल असेल किंवा बोर्डावर दोष असेल. घरून आणखी काही करण्यासारखं उरत नाही. पायरी ८ वर जा.

## ६. सुरू झालाच तर: आधी बॅकअप, मग भाराची चाचणी

चार्जर लावलेलाच ठेवा. ब्राइटनेस कमी करा, मोबाईल डेटा बंद करून वायफाय वापरा म्हणजे भार कमी राहील. फोटो, कॉन्टॅक्ट, व्हॉट्सअॅपचा बॅकअप, सातबारा आणि पीकविम्याचे डाउनलोड केलेले कागद, सगळं दुसरीकडे घ्या. ‘आता चालू झालाय, उद्या बघू’ म्हणणाऱ्यांचे फोन मी दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद झालेले पाहिले आहेत.

बॅकअप झाल्यावर सेफ मोडमध्ये जा. पॉवरचा मेनू उघडून ‘पॉवर ऑफ’ दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये तो पर्याय येतो. यात तुम्ही टाकलेली अॅप बंद राहतात. सेफ मोडमध्ये दिवसभर ३० च्या खाली व्यवस्थित चालला आणि नेहमीच्या मोडमध्ये रिस्टार्ट होत राहिला, तर एखादं अॅप त्रास देतंय. सेफ मोडमध्येही तसाच विझला, तर अॅपचा दोष नाही.

मग भाराची चाचणी. बॅटरी ४० टक्क्यांच्या आसपास असू द्या, चार्जर काढा, ब्राइटनेस पूर्ण करा आणि टॉर्च लावून व्हिडिओ रेकॉर्ड करायला सुरुवात करा. चांगली बॅटरी दहा मिनिटं सहज काढते आणि टक्के एक-एक करून उतरतात. दमलेली बॅटरी एकदम ४० वरून २६ दाखवेल, किंवा काही सेकंदांत स्क्रीन विझेल.

विझला की लगेच चार्जर लावा आणि चार्जिंगच्या चित्रात किती टक्के दिसतात ते वहीत लिहा. हा आकडा मोलाचा आहे. पुन्हा ३०-३५ दिसले तर साठा होता, पण जोर नव्हता. रोध वाढलाय किंवा कनेक्टर सैल आहे. शून्य-एक दिसलं तर बॅटरी खरोखर रिकामी झाली होती आणि फोनचा हिशेब चुकत होता.

हिशेब चुकतोय असं वाटलं तर बॅटरी बदलण्याआधी एकदा जुळवून पाहा. १०० टक्के करा, त्यानंतरही तासभर चार्जरवर राहू द्या, मग आपणहून बंद पडेपर्यंत वापरा आणि बंद अवस्थेत सलग पुन्हा १०० करा. हे एकदाच करायचं. याने टक्के खरे दिसू लागतील, आटलेला साठा वाढणार नाही. ‘दर महिन्याला पूर्ण उतरवा’ हा सल्ला चुकीचा आहे, प्रत्येक वेळी तळ गाठल्याने बॅटरी झिजते.

घरी संगणक असेल, त्यावर फोनला आज्ञा द्यायचा adb हा प्रोग्रॅम टाकलेला असेल आणि फोनच्या डेव्हलपर सेटिंगमध्ये यूएसबी डीबगिंग सुरू असेल तर आत्ताचं व्होल्टेज असं दिसतं:

```
adb shell dumpsys battery
```

`voltage` पुढचा आकडा बहुधा मिलिव्होल्टमध्ये असतो. ३७८० म्हणजे ३.७८ व्होल्ट. `temperature` पुढचे ३१२ म्हणजे ३१.२ अंश. `health` पुढे २ म्हणजे ‘चांगली’, पण त्यावर विश्वास ठेवू नका. रोध वाढलेल्या बॅटरीलाही फोन तिथे ‘चांगली’च म्हणतो. शिवाय केबल जोडलेली असल्याने फोन चार्ज होत असतो आणि व्होल्टेज थोडं वर दिसतं. आयफोनमध्ये सेटिंगमधल्या बॅटरीच्या भागात कमाल क्षमता दिसते, आणि बॅटरी पुरेसा जोर देऊ न शकल्याने फोन बंद पडला असेल तर तसा संदेशही तिथे येतो.

## एक फोन, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

पारोळा तालुक्यातले एक नाना गेल्या उन्हाळ्यात आले होते. फोन साडेतीन वर्षांचा, ५००० एमएएचचा. एका दुकानात सॉफ्टवेअर टाकून झालं होतं. त्यात मुलीच्या लग्नाचे फोटो गेले. फोन आठ दिवस चालला आणि पुन्हा तेच. आठ दिवस का चालला? रिसेटनंतर अॅप कमी होती, भार हलका होता, म्हणून. याच आठ दिवसांमुळे लोकांना ‘सॉफ्टवेअरच होतं’ असं वाटतं.

मी नानांना विचारलं, ‘बंद पडतो तेव्हा काय करत असता?’ ते म्हणाले, ‘पोराला व्हिडिओ कॉल लावला की जातो. साधा फोन असला की जात नाही.’ निम्मं उत्तर इथेच मिळालं.

झाकण उघडून आधी कनेक्टर पाहिलं, साफ केलं, परत बसवलं. काही फरक नाही. ३४ टक्क्यांवर, फोन बंद असताना बॅटरीचं व्होल्टेज ३.७८. पॉवर बटण दाबून सुरू होताना मीटरने सगळ्यात खाली ३.२२ पकडलं, तेव्हा करंट सुमारे १.८ अँपिअर होता. ३.७८ मधून ३.२२ गेले की ०.५६ व्होल्ट, त्याला १.८ ने भागलं की ०.३१ ओहम. नवी बॅटरी लावून तशाच चार्जवर तीच मोजणी केली तर ३.८० वरून ३.६२, म्हणजे ०.१० ओहम. जुन्या बॅटरीचा रोध तिप्पट झाला होता. ३४ टक्के खोटे नव्हते, ते बाहेर काढायची ताकद उरली नव्हती.

नानांचा फोन दिवसभर मोटारसायकलच्या टाकीवरच्या होल्डरमध्ये, उन्हात असायचा आणि रात्री लाईन आली की पहाटेपर्यंत चार्जरवर. भरलेली बॅटरी आणि उष्णता एकत्र आली की ती सर्वांत लवकर म्हातारी होते. फोटो मात्र परत आले नाहीत.

## ७. सॉफ्टवेअरचाच दोष ठरला तर

९० टक्क्यांवरही, चार्जरवरही, लोगोवरच फिरतोय. रिकव्हरीत तासभर टिकतोय. अपडेट झाल्यापासून किंवा मेमरी गच्च भरल्यापासून सुरू झालंय. मग सॉफ्टवेअर धरा. मेमरी पूर्ण भरली तरी फोन सुरू होताना अडकू शकतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

रिकव्हरीत `Wipe cache partition` असेल तर आधी ते करा, त्याने फोटो जात नाहीत. काही नव्या फोनमध्ये हा पर्यायच नसतो. सॅमसंगमध्ये `Repair apps` असेल तर तो वापरून पाहा. मग लोगो दिसताना आवाज कमी करायचं बटण धरून सेफ मोड येतो का बघा. आला तर बॅकअप घ्या, जागा मोकळी करा, शेवटी टाकलेलं अॅप काढा. यातलं काहीच चाललं नाही आणि डेटा गेला तरी चालेल असं तुम्ही स्वतः ठरवलं, तरच रिसेट. पायरी १ मधला पासवर्डचा कागद हातात आहे ना, हे त्याआधी बघा.

## ८. दुकानात गेल्यावर काय करून मागायचं

‘बॅटरी टाका’ किंवा ‘सॉफ्टवेअर मारा’ असं सांगू नका. वहीतल्या नोंदी दाखवा आणि एकच गोष्ट मागा: ‘बॅटरी काढून डीसी सप्लायवर चालवून दाखवा.’ दुरुस्तीच्या बहुतेक दुकानांत हे यंत्र असतं. त्यावर साधारण ४ व्होल्ट लावून बॅटरीच्या जागी फोनला जोडतात. ही चाचणी पाच-दहा मिनिटांची आहे, ती तुमच्यासमोर व्हायला हवी.

फोन सप्लायवर नीट सुरू झाला आणि चालू राहिला, तर बॅटरी बदला. सप्लायवरही लोगोवरच फिरला, तर सॉफ्टवेअर किंवा मेमरी चिप. पॉवर बटण दाबण्याआधीच काटा करंट दाखवू लागला, तर बोर्डावर कुठेतरी गळती आहे आणि नवी बॅटरीही रात्रीत उतरेल. हे शेवटचं घरून ओळखताच येत नाही, म्हणून या चाचणीवर मी अडून बसतो.

बॅटरी घेताना जुन्या बॅटरीवर छापलेला कोड नवीवरच्या कोडशी अक्षर-अक्षर जुळवा. त्याच आकारात जास्त एमएएच छापलेली बॅटरी घेऊ नका, तेवढ्याच जागेत तेवढा साठा मावत नाही. दुकानात नेण्याआधी चार्ज ३० टक्क्यांच्या खाली असू द्या, काढताना बॅटरीला धक्का लागला तर धोका कमी होतो. जुनी बॅटरी धातूच्या पट्टीने उचकटत असतील तर थांबवा. फोनला पाण्यापासून संरक्षण असेल तर उघडल्यावर ते तसंच राहील असं धरू नका.

निघण्याआधी तपासा: झाकण सगळीकडून सपाट बसलंय, चार्जिंग सुरू होतंय, बटणं आणि स्पीकर चालतायत. तिथेच टॉर्च लावून दोन मिनिटं व्हिडिओ करा. घरी गेल्यावर पहिल्या वेळी १०० टक्के करून ३० च्या खाली येऊ द्या, आणि ३० वर असताना पुन्हा तीच टॉर्च-व्हिडिओची चाचणी घ्या. तिथे विझला तर बिल घेऊन त्याच आठवड्यात परत जा.

जुनी बॅटरी दुकानातच ठेवून या, ती ई-कचऱ्यात जायला हवी. घरी आणली तर उकिरड्यावर टाकू नका. कचरा पेटवला की त्यातच ती फुटते.